तंटामुक्तीत गेलेले दिवस मुदतीतून वजा करा

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. माझ्या काकांनी १४ डिसेंबर २०२२ ला खेडा खरेदीत २० क्विंटल कापूस दिला, भाव ८,००० रुपये. व्यापाऱ्याने ४०,००० रोख दिले. बाकीचे १,२०,००० कधी देणार याची तारीख ठरली नाही. कच्च्या चिठ्ठीवर वजन, भाव आणि बाकी, एवढंच लिहिलेलं.

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उधारीची तारीख ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या पैशांचा दावा माल दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. (संक्रांतीपर्यंतची उधारी ठरली असती, तर तीन वर्षं संक्रांतीपासून मोजली असती.) म्हणजे काकांचा शेवटचा दिवस १४ डिसेंबर २०२५. तो रविवार होता, कोर्ट बंद, म्हणून फार तर सोमवारी, १५ तारखेला दावा चालला असता. काका वकिलाकडे पोचले जानेवारी २०२६ मध्ये.

आता तुम्ही म्हणाल, इतके दिवस काका काय करत होते? तेच सांगायला हे पत्र.

पहिलं दीड वर्ष त्यांनी व्यापाऱ्याच्या दारात घातलं. "देतो ना बावा, कुठं पळून चाल्लो का मी?" हे उत्तर दर खेपेला. मे २०२४ मध्ये ते तंटामुक्त गाव समितीकडे गेले. सरकारनंच २००७ पासून सांगितलंय की गावातला तंटा गावात मिटवा. बैठक झाली, व्यापाऱ्याने दिवाळीनंतर देण्याचं कबूल केलं, रजिस्टरला नोंद झाली. त्या वर्षीच्या पोळ्याला त्याने १०,००० रोख दिलेसुद्धा. दिवाळी गेली. २०२५ च्या उन्हाळ्यात काका पोलीस ठाण्यात गेले, तिथं "दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवलं.

वकिलाने सगळं ऐकलं आणि रजिस्टरची नक्कल मागितली. त्यावर समितीच्या अध्यक्षाची सही होती, सरपंचाची होती, काकांची होती. व्यापाऱ्याची नव्हती.

सगळं तिथंच अडलं. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने बाकी असल्याचं लिहून सही केली, तर कलम १८ प्रमाणे त्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. "आता देत नाही" असं लिहून सही केली तरी चालतं, बाकी मान्य केली म्हणजे झालं. व्यापाऱ्याने मे २०२४ ला सही केली असती तर काकांना मे २०२७ पर्यंत वेळ होता. पोळ्याच्या दहा हजारांनीही मुदत नव्याने सुरू झाली असती, पण त्यासाठी ते दिल्याची नोंद देणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीने हवी. काकांनी ती स्वतःच्या वहीत लिहून ठेवली होती. ती वही या कामी शून्य.

उशीर माफ करण्याचं कलम ५ अपिलाला आणि अर्जाला आहे, दाव्याला नाही. आणि व्यापारी कोर्टात मुदतीबद्दल चकार शब्द बोलला नाही, तरी न्यायाधीशाला दावा फेटाळावाच लागतो.

मला सर्वांत जास्त डाचतं ते कलम १४. एखादा माणूस प्रामाणिकपणे आणि नेटाने अधिकार नसलेल्या कोर्टात लढत राहिला, तर तो काळ मुदतीतून वजा होतो. म्हणजे काका चुकीच्या कोर्टात गेले असते तर बचावले असते, सरकारने दाखवलेल्या समितीत गेले म्हणून बुडाले. समिती कोर्ट नाही, पोलीस ठाणंही कोर्ट नाही, म्हणून तिथले दिवस वजा होत नाहीत.

साहेब, मुदत हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. समितीकडे अर्ज दिल्यापासून तिचा निकाल लागेपर्यंतचा काळ वजा करणारी दुरुस्ती राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीने करता येते. ती कराल तेव्हा कराल. तोवर एक परिपत्रक पुरेसं आहे: समितीच्या रजिस्टरमध्ये बाकी रकमेसमोर देणेकऱ्याची सही आणि तारीख असल्याशिवाय पैशांच्या तंट्याची नोंद पूर्ण धरू नये. तो सही करायला नकार देत असेल, तर अर्जदाराला तिथल्या तिथं सांगावं की तुमची तीन वर्षं थांबलेली नाहीत, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा.

काकांचे १,१०,००० गेले. व्यापाऱ्याने आपणहून दिले तर घेता येतील, किंवा देण्याचं नवं वचन त्याने सहीनिशी लिहून दिलं तर त्यावर दावा करता येईल; पण आता तो कशाला लिहून देईल? मात्र त्याच रजिस्टरमध्ये डिसेंबर २०२३ च्या कापसाच्या आणखी चार नोंदी आहेत, त्याही देणेकऱ्याच्या सहीशिवाय. त्यांची मुदत या डिसेंबरात संपते.

आपला,
एक कापूस उत्पादकाचा पुतण्या