थाळी खायला जाशील तेव्हा

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

रविवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर अनलिमिटेड थाळी खायला जायचंय आणि आठवडाभराची मेहनत पाण्यात जाणार, असं फोनवर म्हणालीस. तू बिनधास्त जा. फक्त ताटात काय आधी येऊ द्यायचं आणि काय नंतर, हे बसण्यापूर्वीच ठरवून ठेव.

आधी हिशोब बघ. तू रोज साधारण ३०० कॅलरी कमी खातेस, म्हणजे सहा दिवसांच्या १८००. थाळीत एक कचोरी, दोन ढोकळे, चार पुऱ्या, बटाट्याची भाजी, डाळ, कढी, दोन वाट्या श्रीखंड आणि वर तूप सोडलेली खिचडी, एवढं सहज पोटात जातं. ते अंदाजे २००० च्या घरात भरतं. घरचं तुझं जेवण ६०० चं, म्हणजे १४०० जास्त झाल्या. त्यातला मोठा वाटा पुऱ्या आणि श्रीखंडाचा. कोशिंबीर, उसळ, ताक घेतलंस तरी त्यांचा वाटा त्यामानाने कमीच. म्हणून सगळं लक्ष पुऱ्या आणि श्रीखंडावर ठेवायचं.

थाळीत बसल्या बसल्या फरसाण आणि गरम पुरी येते, आणि भूक तेव्हाच सगळ्यात जास्त असते. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात वाढपी तीनदा फिरून गेलेला असतो. म्हणून पहिल्या फेरीला पुरीला 'नंतर' म्हण आणि कोशिंबीर, उसळ, डाळ मागून घे. उसळ दोनदा घेतलीस तरी चालेल. ही पहिली दहा मिनिटं पोळी-पुरीशिवाय जाऊ देत. कडधान्यातली प्रथिनं आणि भाज्यांचा चोथा यांमुळे पोट हळू रिकामं होतं, आणि मागून आलेल्या पोळी-भाताने रक्तातली साखरही एकदम चढत नाही. पण नुसत्या क्रमाने कॅलरी कमी होत नाहीत हं. उसळ खाऊन वर चार पुऱ्या खाल्ल्यास तर उलट भरच पडेल. क्रमाचा फायदा एवढाच, की दोन फुलक्यांवर थांबणं जड जात नाही. फुलके बिनतुपाचे सांग. त्यांच्याकडे तुपाची वाटी फिरतच असते आणि एका चमच्याच्या ४५ कॅलरी होतात.

गोडाचं मात्र नीट लक्षात ठेव. तिखट-खारट खाऊन कंटाळा येतो तो त्या चवीचा. गोडाची इच्छा तशीच ताजी राहते. गोडाचा घास घेतला की पुन्हा फरसाण खावंसं वाटतं, आणि हे आलटून-पालटून चाललं की पोट भरलंय ते कळतच नाही. म्हणून सुरुवातीलाच गोडाची वाटी ताटात पालथी घालून ठेव. पालथी वाटी दिसली की वाढपी पुढे जातो, दर वेळी 'नको' म्हणत बसावं लागत नाही. शेवटी ती सुलटी करून अर्धी वाटी श्रीखंड घे आणि चवीने खा. त्या दिवशी भात सोडून दे. भात किंवा गोड, दोन्हींतलं एकच. तुला श्रीखंड आवडतं, म्हणून मी भातावर काट मारली. कोणी आग्रह केलाच तर ताटावर हात आडवा धर, तो सगळ्यांना समजतो.

अशी जेवलीस तर कोशिंबीर, उसळ, डाळ, एक ढोकळा, एक भाजी, दोन फुलके, ताक आणि अर्धी वाटी श्रीखंड मिळून ८०० च्या आसपास होतं. घरच्यापेक्षा जेमतेम २०० जास्त.

बुफे असेल तर वाढपी नसतो, सगळं आपल्याच हातात असतं. आधी रिकाम्या हाताने पूर्ण रांग बघून ये, मग ताट उचल. अर्धं ताट सॅलड आणि भाज्या, पाव ताट डाळ, पनीर किंवा चिकन, उरलेल्या पाव भागात पोळी किंवा भात. बसायला टेबल काउंटरपासून लांबचं निवड. ग्रेव्ही घेताना पळी कडेला टेकवून वरचा तवंग निथळू दे.

आणि सोमवारी सकाळी काट्यावर उभी राहू नकोस. बाहेरच्या जेवणात मीठ जास्त असतं, शरीर त्याबरोबर पाणी धरून ठेवतं, शिवाय आतड्यात अन्नही असतंच. एक किलो जास्त दिसलं तरी ती चरबी नाही. एक किलो चरबी चढायला साधारण ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात, तेवढं एका बैठकीत कोणी खात नाही. ते बघून तू सोमवारी उपाशी राहशील आणि संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडशील, याची मला जास्त काळजी आहे. सोमवारी नेहमीचाच नाश्ता कर, नेहमीचंच जेव. वजन गुरुवारी कर आणि मला कळव.

तुझी,
आई