मागची तारीख आणि कथेतला क्लार्क

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतली बँकेतल्या क्लार्कची कथा वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. भाषा चांगली आहे, घरची ओढाताण खरी वाटते, पण मॅनेजर ज्या कागदावर मागची तारीख टाकून सही करायला लावतो तो कागद कसला, हे अख्ख्या कथेत कुठेच नाही. नुसतं "कागद" म्हटलंय. मी बँकेत नोकरी केलेला माणूस आहे, मला हे पटत नाही. कागद कुठला ते कळल्याशिवाय त्या दबावाला अर्थच येत नाही हो!

आमच्याकडे असा कागद बहुतेक वेळा एकच असायचा, रिव्हायव्हल लेटर. कर्ज देताना डीपी नोट घेतात, म्हणजे मागाल तेव्हा पैसे फेडीन असं कर्जदाराचं लेखी वचन, आणि तिच्यावर कोर्टात जायची मुदत तीन वर्षं. ती संपायच्या आत पार्टीकडून, म्हणजे कर्जदाराकडून, "एवढं देणं आहे, मान्य आहे" असं सही करून घेतलं की तिथून नवी तीन वर्षं धरतात. एक दिवस जरी उशीर झाला तरी ते पत्र मुदत वाढवायच्या कामाचं नाही, नोट टाइमबार, म्हणजे तिच्यावर कोर्टात वसुली होत नाही. आणि हे लक्षात कधी येतं, तर इन्स्पेक्शन तोंडावर आल्यावर.

कथेतला साहेब टेबलावर हात आपटून ओरडतो. ओरडणाऱ्या साहेबाला नाही म्हणणं त्यामानाने सोपं असतं. आमच्या तालुक्याच्या शाखेत साहेबांनी चहा मागवला होता. "बाई, पार्टी आपलीच आहे, तिने सही केलीये, तुमची फक्त साक्षीदार म्हणून एक सही, सगळ्या ब्रँचमध्ये असंच चालतं." बाई माझ्या शेजारच्या काउंटरला. नोट होती 5 जून 1995 ची, म्हणजे मुदत जून 1998 मध्ये संपली, आणि हे चाललेलं ऑगस्टमध्ये. पत्रावर तारीख टाकली 20 मे 1998. बाईंनी सही केली, का केली ते मी समजू शकतो, बदलीची यादी साहेबांच्याच हातात होती.

इन्स्पेक्शनला आलेल्या अधिकाऱ्याने कुणालाही काही विचारलं नाही. त्याने फॉर्म उलटा धरून खालच्या कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचला. बँकेच्या छापील फॉर्मवर तिथे छपाईचा महिना असतो, त्यावर होतं 7/98. मे महिन्यात सही झालेला फॉर्म जुलैत छापलेला! मग त्याने मस्टर मागवलं. बाई 20 मे ला रजेवर, मुलांना सुट्टी म्हणून माहेरी. चार्जशीट आली ती बाईंना, कारण सही त्यांची, आणि साहेबांनी तोंडी सांगितलेलं कुठे लिहिलेलं असणार? चौकशीत साहेब म्हणाले मी असं काही बोललोच नाही. बाईंची इन्क्रिमेंट गेली, साहेबांची नुसती बदली झाली.

आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगतो. त्या खोट्या तारखेची काही गरजच नव्हती! मुदत संपलेल्या कर्जासाठीसुद्धा कायद्यात सरळ रस्ता आहे, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 25. पार्टीने आजच्या तारखेला लेखी वचन द्यायचं की मी हे जुनं देणं फेडीन, आणि सही करायची, ते वचन कोर्टात चालतं. नुसती बाकी मान्य केलेली पुरत नाही, फेडण्याचं स्पष्ट वचन लागतं एवढंच. जी पार्टी मागच्या तारखेला सही द्यायला तयार होती ती आजच्या तारखेला का दिली नसती? बँकेचे पैसे दोन्हीकडून वाचत होते. पण आजची तारीख पडली असती तर मुदत कुणाच्या काळात हुकली ते इन्स्पेक्शनला उघड झालं असतं. मागची तारीख फक्त साहेबांची फाइल वाचवायला होती. तुमच्या लेखकाने मॅनेजरच्या तोंडी "बँकेसाठी करतोय" असं वाक्य घातलंय आणि क्लार्क ते खरं मानतो, शेवटपर्यंत! वाचणाराही खरंच मानून जाणार.

बँकेत नव्याने लागलेली पोरंपोरी ही कथा वाचतील म्हणून लिहितोय. असं कुणी सांगितलं तर "साहेब, लिहून द्या" एवढं म्हणा. माझ्या पाहण्यात एकाही साहेबाने ते लिहून दिलेलं नाही, विषय तिथेच थांबतो.

जाता जाता अजून एक. पूर्वी कथेखाली लेखकाचा दोन ओळींचा परिचय असायचा, तो तुम्ही का बंद केलात? या लेखकाने बँकेत काम केलंय की नाही हे आम्हाला कळायला नको का? जागा नाही म्हणाल तर त्याच पानावर अर्धं पान फ्लॅटची जाहिरात होती. परिचय परत सुरू करा, आणि हे पत्र छापलंत तर कृपया छपाईच्या महिन्याचा भाग कापू नका.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर