मुग्धास, नोकरी आणि जोडधंद्याबद्दल

चि. मुग्धा,

अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ एडिटिंगची कामं वाढली आहेत, नोकरी सोडू का, असं तू विचारलंस. मी वर्षानुवर्षं छोट्या धंद्यांचे हिशेब लिहीत आले आहे, म्हणून याचं उत्तर मला आकड्यांतूनच द्यावंसं वाटतं. फोनवर आकडे मांडून होत नाहीत, म्हणून हे पत्र.

तू पाठवलेला तक्ता नीट पाहिला. एका व्हिडिओला सहा तास लागतात असं धरून तू तुझ्या सहा तासांच्या पगाराइतके पैसे सांगतेस. पण तुझ्याच नोंदीप्रमाणे एडिटिंगचे सहा तास, आधीच्या बोलण्याचा एक, दुरुस्त्यांचे तीन आणि फाइल पाठवणं, बिल करणं, पैशांची आठवण करणं यांत अर्धा, असे साडेदहा तास जातात. पैसे मात्र सहाचेच मिळतात. नवीन धंदा करणारे बहुतेक जण इथेच फसतात, कारण ज्या कामाचे पैसे मिळतात तेवढंच त्यांना काम वाटतं.

नोकरी सांभाळून तुला आठवड्याला बारा तास देता येतात, म्हणजे काम एकच बसतं. तू दोन घेतेस, म्हणजे एकवीस तास. वरचे नऊ तास झोपेतून येतात आणि मग ऑफिसच्या कामातून. सकाळच्या मीटिंगमध्ये क्लायंटच्या मेसेजला उत्तर द्यायला लागलीस, असं तूच सांगितलंस. तिथेच हद्द ओलांडली गेली. बारा तास ही वरची मर्यादा धर आणि सलग तीन आठवडे ती मोडली, तर हातातली कामं संपेपर्यंत नवीन घेऊ नकोस. आठवड्यातला एक पूर्ण दिवस मोकळा ठेव, त्याबाबत मी ऐकणार नाही.

आता नोकरी सोडलीस असं धरू. आठवड्याचे चाळीस तास हातात आले, तरी त्यातले दहा तरी नवीन ग्राहक शोधण्यात आणि हिशेबात जातील. उरलेल्या तीस तासांत साडेदहा तासांची कामं तीनसुद्धा बसत नाहीत. तीन बसली असं मानलं, तरी मिळकत अठरा तासांच्या पगाराइतकी, म्हणजे आजच्या निम्म्याहून कमी. एवढे कष्ट करून, मुग्धा! अडचण वेळेची नाही, दराची आहे. नोकरी सोडून ती सुटणार नाही.

म्हणून आधी दुरुस्त्यांना लगाम घाल. दोन फेऱ्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे, हे काम घेतानाच लिहून पाठव. त्याने एक काम आठ तासांत आलं, तर तीस तासांत पावणेचार कामं होतील. भरपगारी रजा, विमा, निवृत्तीसाठी साठणारी रक्कम हे सगळं पुढे तुझ्याच खिशातून जाईल. त्यासाठी पगारावर तीस टक्के धरले, तर आठवड्याला बावन्न तासांच्या पगाराइतकी मिळकत हवी. म्हणजे एका कामाचे साधारण चौदा तासांचे पैसे. आज तू सहाचे घेतेस.

हा दर नवीन ग्राहकांना आत्तापासूनच सांग. पगार चालू असताना त्यांचा नकार परवडतो. नोकरी गेल्यावर तोच नकार ऐकून माणूस घाबरतो आणि दर पाडतो, हे मी फार जणांच्या वह्यांत पाहिलं आहे.

सोडायचं कधी, तर या दराने सलग सहा महिने तुझे बारा तास भरलेले असतील आणि वेळ नाही म्हणून तुला कामं परत पाठवावी लागत असतील तेव्हा. एकाच ग्राहकाकडून एक तृतीयांशापेक्षा जास्त पैसे येत असतील, तर थांब. तो गेला की पुन्हा नोकरी शोधायची वेळ येईल. शिवाय घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात हवेत. क्लायंटचे पैसे दीड-दोन महिने उशिरा येतात, तो काळ त्यातूनच निघतो. वर्षभरात नवा दर तीन अनोळखी ग्राहकांनीही दिला नाही, तर मात्र जोडधंदा बंद कर. तारीख आजच लिहून ठेव, कारण त्या वेळी मन आणखी एक महिना मागेल.

एक राहिलं. तुझ्या नेमणूकपत्रात बाहेरचं काम करण्याविषयी आणि तू तयार केलेल्या गोष्टींच्या मालकीविषयी काय लिहिलंय ते वाच. परवानगी लागत असेल तर लेखी घे. ऑफिसच्या लॅपटॉपवर क्लायंटची एकही फाइल उघडू नकोस, रात्री घरीसुद्धा नाही.

पुढच्या तीन कामांचे खरे तास, फोनची पाच-पाच मिनिटंही धरून, लिहून मला पाठव. आठ तासांचा माझा अंदाज बरोबर आहे का ते बघू आणि मग दर पक्का करू.

तुझी,
आई