खोक्याचं वजन काजूच्या भावात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की मिठाईच्या दुकानांतले भावफलक बदलतात आणि त्यावर सगळेच कुरकुरतात. माझी तक्रार भाववाढीची नाही. काजू, खवा, तूप महागलं तर कतली आणि पेढाही महागणार. पण फलकावरचा किलोचा भाव एक आणि आपल्या खिशातून जाणारा भाव दुसराच, असं जे सणासुदीला होतं, त्याबद्दल हे पत्र आहे. हा फरक खोक्यामुळे पडतो आणि तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

आधी सुट्या मिठाईचं पाहू. आमच्या भागातल्या एका दुकानात काजूकतली 1,100 रुपये किलो आहे. अर्धा किलो मागितली, की विक्रेता काट्यावर खोकं ठेवतो, त्यात बटरपेपर घालतो, कतली भरत जातो आणि काटा 500 ग्रॅम दाखवायला लागला की थांबतो. बिल 550 रुपये. घरी आणून कतली ताटात काढली आणि खोकं कागदासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तर ते 58 ग्रॅम भरलं. म्हणजे मिठाई आली 442 ग्रॅम आणि भाव पडला किलोला जवळजवळ 1,245 रुपये. खोक्यासाठी आपण मोजले 63 रुपये 80 पैसे. आता गंमत अशी, की हेच खोकं 400 रुपये किलोच्या बालुशाहीसाठी वापरलं असतं तर 23 रुपये 20 पैशांना पडलं असतं. पुठ्ठा तोच, पण आत काय ठेवलं त्यावर त्याची किंमत ठरते! घाऊक बाजारात दुकानदाराला ते मोजक्या रुपयांत मिळतं.

‘खोकं तर फुकट देतो, साहेब,’ हे काउंटरवरचं ठरलेलं उत्तर. फुकट असेल तर काट्यात धरू नये, इतकंच म्हणणं आहे. त्याला काही यंत्रणा लागत नाही. रिकामं खोकं काट्यावर ठेवायचं, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा आणि मग मिठाई भरायची. दुकानातल्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांवर हे बटण असतं आणि दाबायला एक सेकंद लागतो. गर्दीमुळे जमत नाही, हे कारण म्हणूनच पटत नाही. काही दुकानदार हे न सांगता करतात आणि काही जण खोक्याचे दहा-पंधरा रुपये वेगळे लावतात. दुसरी पद्धतही मला सरळ वाटते. ज्याला खोकं नको, तो घरून स्टीलचा डबा आणेल. कायद्याचंही म्हणणं हेच आहे, की वजन म्हणजे निव्वळ मालाचं वजन, वेष्टनाचं नव्हे.

दुसरा प्रकार आधीच भरून, चिकटपट्टी लावून थप्पी लावलेल्या बॉक्सचा. इथे वजनात फसवणूक सहसा नसते, कारण गिऱ्हाईक यायच्या आधी भरलेला माल कायद्याने आवेष्टित वस्तू ठरतो आणि त्यावर निव्वळ वजन व किंमत छापावी लागते. छापलेल्या वजनात थोडी सूट असते, पण ती अगदी कमी. 400 ग्रॅमच्या बॉक्समध्ये एखाद्या नगात 12 ग्रॅमपर्यंत कमी चालतं. पुठ्ठ्याचं वजन त्यात बसत नाही.

इथे अडचण भावाची आहे. त्याच दुकानात त्याच काजूकतलीचा चुंबकाच्या झाकणाचा, सोनेरी छपाईचा बॉक्स 750 रुपयांना आहे आणि वजन 400 ग्रॅम. तेवढीच सुटी कतली 440 रुपयांना येते. वरचे 310 रुपये बॉक्सचे, सजावटीचे आणि भरणाऱ्याच्या मजुरीचे. असा रिकामा बॉक्स बोहरी आळीत एकेकटा घेतला तरी शंभराच्या आत मिळतो, त्यामुळे मजुरी किती धरली याचा अंदाज ज्याने त्याने करावा. किलोच्या हिशेबात हा बॉक्स 1,875 रुपयांना पडतो. पण बॉक्सवर तो आकडा दिसत नाही. एकक विक्री किंमत छापायचा नियम आहे खरा, मात्र एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती ग्रॅममध्ये लिहितात. त्यामुळे वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘1.88 रुपये प्रति ग्रॅम’ आणि काचेच्या मागे ठसठशीत ‘1,100 रुपये किलो’. दोन्ही आकडे खरे, पण शेजारी ठेवून कुणी पाहत नाही. ग्रॅमच्या आकड्याला हजाराने गुणलं की झालं, मोबाइलही काढावा लागत नाही.

सगळ्यात जास्त फरक मिश्र मिठाईच्या बॉक्समध्ये सापडतो. कार्यालयांतून आणि सोसायट्यांतून वाटला जातो तो हाच. एका बॉक्सवर 500 ग्रॅम, 600 रुपये लिहिलेलं होतं, म्हणजे 1,200 रुपये किलो. काजूकतलीच्या जवळपासचा भाव म्हणून माणूस समाधानी होतो. उघडून प्रत्येक जिन्नस वेगळा तोलला. काजूकतली निघाली 100 ग्रॅम, पेढे 150 ग्रॅम आणि बाकीचे 250 ग्रॅम मोतीचूर लाडू व सोनपापडी. फलकावरच्या सुट्या भावाने कतलीचे 110 रुपये झाले, 600 रुपये किलोने पेढ्यांचे 90 आणि 400 रुपये किलोने उरलेल्या निम्म्या मालाचे 100. एकूण मिठाई 300 रुपयांची. वजन चोख आहे, कायदाही मोडलेला नाही, आणि तरी अर्धे पैसे पुठ्ठ्याला आणि रिबिनीला गेले. दोनशे बॉक्सची ऑर्डर देणाऱ्या कार्यालयाने हा हिशेब केला तर 60,000 रुपयांचा प्रश्न आहे. ऑर्डरच्या एकूण पैशांत साध्या खोक्यात प्रत्येकाला जवळजवळ दुप्पट मिठाई देता येईल. भेटवस्तू देखणी असावी, याला माझी ना नाही. पण देखणेपणाला किती मोजतो आहोत, ते ऑर्डर देण्याआधी कळायला हवं, आणि त्यासाठी विक्रेत्याकडे ‘यात कोणता जिन्नस किती ग्रॅम?’ एवढं विचारायचं. उत्तर द्यायला तो कां-कूं करू लागला, तर दुसरं दुकान पाहावं.

घरी तोलून पाहणाऱ्यांना एक सूचना. पेढे, कलाकंद असा खव्याचा माल उघडा राहिला की सुकतो आणि वजन उतरतं, त्यामुळे आणल्याच दिवशी तोलावं, नाहीतर दुकानदारावर उगाच आळ येईल. डबाबंद गुलाबजाम आणि रसगुल्ल्यांचा किलोचा भाव सुट्या मिठाईशी लावूच नये, कारण त्या वजनात पाकही आलेला असतो.

वैध मापन शास्त्र यंत्रणेला विनंती, की दिवाळीआधीच्या तपासणीत काट्याचं पडताळणी प्रमाणपत्र पाहून परत न फिरता, निरीक्षकांनी साधं गिऱ्हाईक म्हणून अर्धा किलो काजूकतली घ्यावी आणि खोकं तिथेच रिकामं करून तोलावं. ग्राहकांना तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बिल जपून ठेवावं आणि त्यावर वजन लिहून घ्यावं. आणि मिठाई संघटनांना सुचवावंसं वाटतं, की भावफलकाच्या तळाशी एक ओळ वाढवावी: खोकं अर्धा किलोचं अमुक रुपये, एक किलोचं तमुक रुपये.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे