पेट्रोलमधले शिसे गेले, धुळीतले उरले

संपादक महोदय,

इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून पेट्रोलमध्ये पूर्वी टेट्राइथाइल लेड मिसळत. ते जळले की शिशाचे बारीक कण धुराड्यातून बाहेर पडत. 1995 पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि शिसेविरहित पेट्रोल अपरिहार्य झाले. कारण शिशाचा थर बसला की कन्व्हर्टरमधला प्लॅटिनम निकामी होतो. फेब्रुवारी 2000 पासून देशभर तेच पेट्रोल मिळू लागले.

खरा फायदा मुलांना झाला. मोठ्यांच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग अंगात भिनतो, लहान मुलांत जवळजवळ निम्मा, आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर बसतो. मुंबईत 1997 च्या पाहणीत सुमारे 62 टक्के मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे 10 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे होते. 2002 मध्ये हे प्रमाण 33 टक्क्यांवर आले.

तरी 33 टक्के थोडे नव्हेत. शिसे कुजत नाही, विरत नाही. रस्त्याकडेच्या मातीत ते पडूनच राहते. तीच माती धूळ होऊन घरात येते आणि रांगणारे मूल धुळीने माखलेला हात तोंडात घालते. म्हणून रहदारीलगतच्या घरांत कोरड्या झाडूने धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने फरशी पुसावी आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवावेत.

– एक वाचक, मुंबई