मावशींना आभाराचं पत्र लिहिताना

प्रिय सई,

तुझ्या चिऊला सांभाळणाऱ्या मावशींना कामाला लागून वर्ष होतंय, त्यांना चार ओळी लिहून द्यायच्यात, पण ‘खूप खूप धन्यवाद’च्या पुढे गाडी सरकत नाही, असं तू कळवलंस. सरकणार कशी? ‘तुम्ही छान सांभाळता’ हे कुणालाही म्हणता येतं. मावशींचं बरंचसं काम तू घरात नसताना होतं. ते तुझ्या लक्षात आलंय हे त्यांना पत्रातून कळायला हवं.

चिऊ आठ महिन्यांची असताना त्या आल्या, तिथून सुरुवात कर. साधारण त्याच सुमाराला मुलांना ओळखीचं आणि परकं ठळकपणे कळू लागतं. दिसेनासं झालेलं माणूस कुठेतरी आहे, हेही उमगू लागतं. म्हणूनच आई दाराबाहेर पडली की आकांत होतो, आणि बहुतेक मुलांत हा प्रकार दीड वर्षाच्या आतबाहेर केव्हातरी कळसाला पोचतो. नव्या माणसाने घरात यायला याहून अवघड वेळ नाही. मावशींनी तेव्हा चिऊला लगेच उचलून घेतलं नाही. जमिनीवर बसून खेळणं पुढे सरकवत राहिल्या आणि ती आपणहून जवळ येईपर्यंत थांबल्या, असं तूच तेव्हा लिहिलं होतंस. तुझं पहिलं वाक्य हेच.

आता तुला खुपणारी गोष्ट. संध्याकाळी मावशी निघाल्या की चिऊ रडते, आणि कधीकधी तू हात पुढे केलेस तरी त्यांच्या कडेवरून उतरत नाही. यात तुझं काही कमी झालेलं नाही. मुलाचा जीव एकाच माणसात गुंततो असं नसतं. रोज सांभाळणाऱ्या दोन-चार माणसांशी घट्ट नातं जुळतं आणि प्रत्येकाची जागा वेगळी राहते. खरी ओढ ओळखायची तर निरोपाच्या रडण्यापेक्षा बाकीचा दिवस बघ. लागलं-पडलं तर ती मावशींकडे धावते का? नवं माणूस दिसलं की आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते का? आणि मुख्य म्हणजे, त्यांनी जवळ घेतल्यावर शांत होऊन पुन्हा खेळायला जाते का? नुसतं चिकटून राहणं वेगळं. धीर मिळाला की मूल उतरून जातं, ती नात्याची पक्की खूण.

जॉन बोल्बी या इंग्लिश मानसोपचारतज्ज्ञाने मुलांच्या अशा ओढीचा सिद्धांत मांडला. त्याला लहानपणी सांभाळणारी बाई तो चारेक वर्षांचा असताना घर सोडून गेली, आणि ते दुःख आपल्याला फार लागलं असं तो पुढे सांगायचा. त्यामुळे ‘लहान आहे, विसरेल’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

पत्र साधारण असं होईल, शब्द तुझे घाल: ‘मावशी, चिऊ तुमच्याकडे यायला वेळ लागला, तुम्ही घाई केली नाहीत. ती पडली की तुम्ही आधी “लागलं ना?” म्हणता आणि मग उचलता, आता ती बाहुलीलाही तसंच विचारते. तुम्ही जाताना न चुकता टाटा करता, गुपचूप निघत नाही, म्हणून ती तुमच्यावर विश्वास ठेवते. मी कामावर निर्धास्त असते ती यामुळे.’ एवढं पुरे. बाहुलीचा तो प्रसंग त्यांना दहा विशेषणांपेक्षा जास्त आवडेल. त्यांना वाचायची सवय नसेल तर समोर बसून वाचून दाखव आणि कागदही दे. फक्त त्यांच्या निघायच्या वेळी नको. त्यांचे डोळे भरून आले की चिऊ बिथरेल.

‘तुम्ही आता घरच्याच’ हे वाक्य मात्र मी गाळेन. ते बोलायला गोड आहे, पण त्याच्या मागोमाग बहुतेक वेळा ‘आज तासभर थांबाल का?’ येतं आणि त्या तासाचे पैसे काढायचं कुणाच्या मनात येत नाही. ‘तुमच्याशिवाय तिचं पान हलत नाही’ हेही तसलंच. असं ऐकल्यावर आजारी पडल्या तरी त्यांना रजा मागायचा संकोच वाटेल. वर्षाची पगारवाढ आणि भेट यांचीही सरमिसळ करू नकोस. वाढ किती आणि कुठल्या महिन्यापासून, हे आधी वेगळं बोल आणि भरपगारी रजा किती तेही ठरव. ते ठरल्यावर पत्र दे, नाहीतर पत्र वाढीच्या बदल्यात दिल्यासारखं दिसेल. भेट म्हणून त्या दोघींचा एक छापील फोटो छान; त्यांच्याकडे चिऊचे फोटो असतील, पण त्या स्वतःच कॅमेरा धरतात, त्यामुळे दोघी एकत्र क्वचितच असतील.

मसुदा झाला की देण्याआधी मला पाठव.

तुझी,
अनघा