नाही म्हणायचंय तर पगाराचंच कारण लिही

मिरज, मंगळवार रात्र

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

बेंगळुरूच्या नोकरीची ऑफर नाकारायला तू लिहिलेला मेलचा मसुदा आत्ता आई झोपल्यावर पुन्हा वाचला. काल फोनवर माझा आवाज चढला तो आत्याला ऐकू गेला असेलच. भांडण नव्हतं म्हणावं तिला, हिशोब चालला होता. तो अर्धवट राहिला म्हणून आज कागद घेऊन बसलो.

बेंगळुरूवाल्यांचे नऊ लाख. त्यातले नव्वद हजार व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं आणि तुझं दोघांचं वर्ष बरं गेलं तर. बेसिक साडेचार लाख धरलंय, त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ चोपन्न हजार आणि ग्रॅच्युइटीचे एकवीस हजार सहाशे, तेही त्याच नवांत मोजलेले. ग्रॅच्युइटी पाच वर्षं टिकलीस तर मिळणार. हे सगळं बाजूला काढलं की महिन्याला एकसष्ट हजार दोनशे उरतात. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ साडेचार हजार आणि व्यवसाय कर दोनशे गेला की हातात साडेछप्पन. आयकर लागत नाही, तेवढं बरं. खोलीभाड्यातला तुझा वाटा सतरा हजार धरला तर एकोणचाळीस हजार पाचशे. आज पुण्यात अठ्ठेचाळीस हातात येतात आणि आत्याकडे भाडं नाही. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तरी महिन्याला हजार रुपये कमीच पडतात, आणि घरमालकाचं डिपॉझिट वेगळं.

म्हणजे आकडा तुझाच बरोबर आहे. हे मी लिहून देतोय, दादाला दाखव हवं तर. जॉइनिंग बोनसचे पन्नास हजार मला काल मोठे वाटले होते, पण वर्षाच्या आत सोडलंस तर परत करावे लागतील आणि पुढची पगारवाढ त्यांच्यावर धरणार नाहीत, हे ऑफरच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात आहे.

मग माझं अडलं कुठे? मसुद्यातल्या दुसऱ्या परिच्छेदात. ‘पगार आणि काही कौटुंबिक कारणांमुळे’ असं लिहिलं आहेस. ही कौटुंबिक कारणं कोणती, मुग्धा?

ते राहू दे. आधी मेलचं बोलू.

ते दोन शब्द काढ. पगार ही त्यांना बदलता येणारी गोष्ट आहे. उद्या त्या पदाची वेतनश्रेणी वाढली किंवा वरची जागा निघाली, तर तुझ्या नावापुढे ‘पगारावरून नाही म्हणाली’ एवढी नोंद असली की फोन करायला त्यांना कारण मिळतं. ‘कौटुंबिक’ वाचलं की एचआरमधली मुलगी समजणार, ही पुणं सोडणार नाही. मग पुढच्या वेळी यादीत तुझं नाव आलं तरी ती पुढे जाईल, आणि त्यात तिची चूक नाही. माझी बावीस वर्षं आस्थापनेच्या टेबलावर गेली, शेरा एकदा पडला की माणसापेक्षा शेराच वाचला जातो.

मराठीत सांगतो, इंग्रजी तुझं तू कर. ‘ऑफरबद्दल आणि तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे. पुष्कळ विचार करून मी ती स्वीकारत नाही असं कळवते. कारण मुख्यतः पगाराचं आहे. बेंगळुरूला राहण्याचा खर्च धरता निश्चित पगार मला आजच्यापेक्षा कमी पडतो. काम आणि टीम मनापासून आवडली. पुढे माझ्या अनुभवाला जुळणारी जागा निघाली तर माझा विचार जरूर करावा.’ बस. वरचा माझा हिशोब त्यात घालू नकोस, त्यांना तो नको असतो. अकरा लाखांचं तू फोनवर एकदा विचारलंस, त्यांनी नऊ हीच वरची मर्यादा म्हणून सांगितलं, तो विषय तिथे संपला. आता मेलमध्ये ‘साडेदहा दिलेत तर बघते’ अशी शेपटी लावलीस तर तो नकार राहत नाही, घासाघीस होते. आणि दुसरीकडे मुलाखत चालू आहे हेही लिहू नकोस.

ज्या मेलमध्ये ऑफर आली त्यालाच उत्तर दे. तुझी शेवटची मुलाखत घेणारे ते मॅनेजर, ज्यांनी तुला फळ्यावर आकृती काढायला लावली, त्यांना वेगळ्या दोन ओळी लिही. एचआरची माणसं वर्षा-दोन वर्षांत दुसरीकडे जातात, पण तुझं काम पाहिलं आहे ते या गृहस्थांनी. पोर्टलवरचं नकाराचं बटण मेल गेल्यानंतरच दाब, नाहीतर तुझ्या शब्दांआधी यंत्राचा निरोप पोचेल.

मुदत शुक्रवारची आहे ना? बुधवारीच पाठव. आमच्याकडे प्रतीक्षा यादी असायची. एकदा निवड झालेला एक मुलगा हजर झाला नाही की कळवलंही नाही. मुदत संपेपर्यंत जागा अडकली आणि यादीतला पुढचा रोज येऊन बाकावर बसायचा. डबा उघडून तिथेच जेवायचा. त्याच वर्षी दुसऱ्याने आंतरदेशीय पत्रावर तीन ओळी लिहून कळवलं होतं, की पगारात घर भागत नाही, क्षमा असावी. त्याला नंतर घेणं नियमात बसत नव्हतं, जाहिरात पुन्हा काढावी लागते. पण साहेबांनी ते पत्र टाचणी लावून जपून ठेवलं होतं. खासगीत हा नियम नाही, तिथे माणसाच्या लक्षात राहिलं तरी पुरतं. काही कंपन्या सहा महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत, तेव्हा लगेच विचारू नकोस. नव्या आर्थिक वर्षात, हातातलं काम पुरं झालं की त्या मॅनेजरना चार ओळी टाक. दर महिन्याला नको.

बघ, पुन्हा मास्तरकी सुरू झाली. आई म्हणतेच, यांना पत्र लिहायला दिलं की परिपत्रक काढतात. रागावू नकोस. इतक्या लांबून तुला बोलावून ऑफर देतात आणि तू टेबलावर हिशोब मांडून नाही म्हणतेस, हे मी संध्याकाळी कुलकर्ण्यांना दोनदा सांगितलं. मला पहिली ऑर्डर मिळाली तेव्हा पगाराचा आकडा मी वाचलासुद्धा नव्हता.

पण ती कौटुंबिक कारणं. मार्चमध्ये माझी अँजिओप्लास्टी झाली आणि एप्रिलपासून तू दर शनिवारी गाडीत बसतेस. मी बोललो नाही, पण मोजतो. डॉक्टरांनी जिने चढायला परवानगी दिली आहे, गोळ्या आई डबीत लावून देते, शिरोळचं बापू बघतात. अकरा लाख दिले असते तर गेली असतीस का? या प्रश्नाचं उत्तर मला मेलमध्ये नको, फोनवरही नको, शनिवारी आलीस की समोर बसून दे. ‘हो’ असेल तर माझं काही म्हणणं नाही, वरचा मसुदा जसाच्या तसा पाठव. ‘नाही’ असेल तरी पाठव, हिशोब खराच आहे. पण मग पुढची ऑफर येईल तेव्हा आपण दोघं आधी बोलू, आणि त्या वेळी माझा रिपोर्ट तुझ्या कागदावर मांडायचा नाही.

आत्याला सांग, तिचा बीपीचा पट्टा दुरुस्त होऊन आला आहे, तुझ्याबरोबर देतो. येताना घाटात गाडी थांबली की फोन कर.

तुझा,
बाबा